मंगळवार, गुरुवार, शनिवार: शिष्यवृत्तीचा निबंध दुसऱ्यांदा लिहिताना

4 मार्च 2024 ला नकाराचा मेल आला. तीन ओळींचा होता. अर्जांची संख्या मोठी होती, तुमचा विचार करता आला नाही, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू शकता. कारण दिलेलं नव्हतं, आणि विचारलं तरी देत नाहीत हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र मला एकच वाटलं, की आमच्यापेक्षा जास्त हाल ज्यांचे झाले त्यांना ती मिळाली असणार. म्हणजे पुढच्या वेळी आपले हाल अजून ठसठशीत मांडायला हवेत.

हा निष्कर्ष साफ चुकीचा होता. तो तसा का होता हे कळायला सात महिने गेले आणि एका निबंधाचे अकरा मसुदे झाले. अशाच निबंधापाशी कुणी अडकलं असेल तर त्यांच्यासाठी लिहून ठेवते आहे.

आधी परिस्थिती सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही. जुलै 2022 मध्ये बाबांचं डायलिसिस सुरू झालं. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली की यंत्राने रक्त शुद्ध करावं लागतं. साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास. बाबांना मंगळवार, गुरुवार आणि शनिवार मिळाले, सकाळी सातची पाळी. आईची नोकरी सकाळी सहा ते दोन. धाकटा भाऊ शाळेत. त्यामुळे सोबत मी. मी तेव्हा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय रसायनशास्त्र. त्या सत्रात माझे दोन विषय गेले.

अर्जातला प्रश्न दोन्ही वर्षी तोच होता: तुमच्यासमोर आलेली एखादी अडचण आणि तिला तुम्ही कसं तोंड दिलंत, 500 शब्दांत लिहा.

पहिल्या वर्षी मी जे लिहिलं होतं त्याची सुरुवात अशी होती:

«नियतीने आमच्या हसत्याखेळत्या कुटुंबावर अचानक घाला घातला. बाबा मृत्यूशी झुंज देत होते आणि मी रात्रंदिवस त्यांच्या उशाशी बसून अश्रू ढाळत होते. घरात एक पैसाही येत नव्हता. एके दिवशी तर माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा श्वास थांबला. माझ्या शिक्षणाची राखरांगोळी झाली, पण मी हार मानली नाही.»

आज हे टाइप करतानाही कान गरम होतात. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला ते खोटं वाटलं नव्हतं. मनातून तसंच वाटत होतं. भावना खरी होती, फक्त तिच्यासाठी वापरलेली वाक्यं दुसऱ्या कुणाची तरी होती, आणि त्या वाक्यांबरोबर घटनाही दुसऱ्या कुणाच्या तरी आल्या होत्या.

6 ऑक्टोबर 2024 ला नवा अर्ज उघडला. तीन दिवसांनी तो जुना निबंध घेऊन मी आमच्या विभागातून निवृत्त झालेल्या एका मॅडमकडे गेले. त्यांनी काही वर्षं एका वेगळ्या शिष्यवृत्तीच्या समितीवर अर्ज वाचले होते. त्यांनी निबंध बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "आधी बाकीचा अर्ज दाखव."

मी उत्पन्नाचं पान दिलं, गुणपत्रिका दिली. त्या ते वाचत बसल्या. चांगली दहा मिनिटं. मग निबंध वाचायला घेतला आणि तिसऱ्याच वाक्यावर थांबल्या.

"एक पैसाही येत नव्हता म्हणतेस. इथे तर आईचा पगार लिहिलाय. बाबांच्या अर्धवेळ कामाचेही पैसे लिहिलेत."

मी म्हटलं, ते म्हणजे, तसं म्हणायची पद्धत असते ना.

"असेल. पण आम्ही वाचायचो तेव्हा हेच पान आधी समोर असायचं. मग गुण. निबंधापर्यंत येईस्तोवर निम्मी गोष्ट आम्हाला माहीत झालेली असायची. त्या माहितीशी तुझं एक वाक्य जुळलं नाही की उरलेल्या वाक्यांकडेही आम्ही तिरक्या नजरेने बघणार."

प्रत्येक समिती याच क्रमाने वाचते असं नाही. पण निबंध हा सुटा कागद नसतो, ही गोष्ट मला एकदाही सुचली नव्हती. उत्पन्नाचे आकडे, गुण, शिफारसपत्र आणि निबंध हे सगळं एकाच माणसासमोर एकाच वेळी उघडं असतं. मी निबंध लिहिताना अर्जाचं पहिलं पान पुन्हा उघडूनही पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी पेन्सिल दिली आणि सांगितलं, "ज्या वाक्याबद्दल मी कुणाला तरी फोन करून विचारू शकेन की हे खरं आहे का, त्याच्याखाली रेघ मार." निबंधात 31 वाक्यं होती. रेघा पडल्या तीन. वडिलांना मूत्रपिंडाचा आजार आहे, मी दुसऱ्या वर्षाला होते, माझे दोन विषय गेले. नियतीला फोन लावता येत नाही. राखरांगोळीची चौकशी कुठे करणार?

निघताना त्यांनी विचारलं, "बाबांना दाखवलास का हा?"

नव्हता दाखवला. मुद्दाम नव्हता दाखवला.

12 ऑक्टोबरला, शनिवारी, डायलिसिसहून येऊन जेवून बाबा आडवे झाले होते. मी तो कागद त्यांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने हाक आली. ते रागावले नव्हते. त्यांनी चष्मा लावून, मी शिकवणीच्या मुलांची वही तपासते तशा, कडेला खुणा केल्या होत्या.

"रात्रंदिवस उशाशी कुठे? रात्री मी घरी असतो. आणि श्वास कधी थांबला माझा?"

मी म्हटलं, तो गुरुवार, सप्टेंबरातला.

"रक्तदाब उतरला होता. त्यांनी पाय वर केले, सलाइन सोडलं, पाच मिनिटांत ठीक झालं. आणि तू काही रडत नव्हतीस. तू तुझ्या त्या वहीत लिहीत होतीस."

ती वही मी विसरूनच गेले होते. पहिल्या काही महिन्यांत, नर्सने सांगितलं म्हणून, मी दर वेळचं वजन आणि रक्तदाब लिहून ठेवायचे. डायलिसिसच्या आधीचं वजन आणि नंतरचं वजन यांतल्या फरकावरून अंगात साठलेलं पाणी किती काढलं ते कळतं. दोन सत्रांच्या मध्ये जास्त पाणी प्यायलं गेलं की ते काढताना रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून हा हिशेब. वही माळ्यावरच्या खोक्यात सापडली. 15 सप्टेंबर 2022, गुरुवार: आधी 64.2, नंतर 61.9, रक्तदाब 90/60, पुढे "सलाइन" असं वाकड्या अक्षरात. आणि उलट बाजूला, त्याच पानाच्या मागे, अभिक्रियेच्या वेगाची समीकरणं. चार तास खुर्चीत बसून मी तिथेच अभ्यास करायचे आणि दुसरा कागद हाताशी नसायचा.

त्या संध्याकाळी मी निबंधाला हातही लावला नाही. वही उघडून नुसत्या तारखा कॉलेजच्या वेळापत्रकाशी लावत बसले. हे काम मला सगळ्यात उपयोगी पडलं. आठवण काय झालं ते सांगते, पण किती वेळा आणि कुठल्या वारी हे ती सांगत नाही, आणि वाचणाऱ्याला नेमकं तेच लागतं. वही नसेल तर बसच्या पासाच्या तारखा, दवाखान्याच्या पावत्या, फोनमधले जुने मेसेज, हजेरीपत्रक, काहीही चालेल. मी कॉलेजच्या कार्यालयात अर्ज देऊन त्या सत्राची हजेरी काढून घेतली. चार दिवस लागले.

त्यातून एक वाक्य कसं बदलत गेलं ते दाखवते, कारण सगळा निबंध अशाच चालीने बदलला.

मूळ वाक्य: «बाबांच्या आजारपणाने माझ्या शिक्षणाची राखरांगोळी झाली.»

पहिली दुरुस्ती: «बाबांच्या आजारपणामुळे मला वारंवार कॉलेज बुडवावं लागलं.» भपका गेला, पण हे वाक्य कुणाच्याही निबंधात चाललं असतं. वारंवार म्हणजे किती? बुडालं तर काय झालं?

दुसरी: «मंगळवार आणि गुरुवारचे तास बुडाल्याने मी प्रात्यक्षिकात नापास झाले.» इथे वार आले. पण हे अर्धवट खरं होतं. मंगळवारी सकाळी फक्त व्याख्यानं असत आणि त्यांच्या टिपणवह्या मैत्रिणीकडून मिळत. नुकसान गुरुवारचं होतं.

शेवटची: «आमचं प्रात्यक्षिक गुरुवारी सकाळी दहाला असे आणि बाबांचं डायलिसिस अकराला संपत असे. 16 पैकी 9 प्रात्यक्षिकांना मी जाऊ शकले नाही. उरलेल्या 7 गुरुवारी आईने कामावरची पाळी बदलून घेतली होती. परीक्षेला बसायला 12 हजेऱ्या लागत.»

या चार वाक्यांत कुठेही दुःख हा शब्द नाही. पण मॅडमनी नंतर ती वाचली तेव्हा "उरलेल्या 7 गुरुवारी" इथे त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आईचं त्यागमूर्ती असं वर्णन मी जुन्या निबंधात केलं होतं, तेही दोनदा. त्या ठिकाणी त्यांनी नुसतं पान उलटलं होतं.

आता अवघड भाग. वेळापत्रक लावताना मला एक गोष्ट दिसली जी दिसली नसती तर बरं, असं तेव्हा वाटलं. माझे दोन विषय गेले होते. भौतिक रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक आणि गणित. गणिताचे तास होते सोमवार, बुधवार, शुक्रवार. म्हणजे ज्या दिवशी डायलिसिस नसायचं त्याच दिवशी. जुन्या निबंधात मी दोन्ही विषय एकाच श्वासात आजारपणाच्या खाती टाकले होते.

मी दोन दिवस स्वतःशी भांडले. थकवा होता हे खरं. पण गणित मला आधीपासून जड जात होतं, पहिल्या वर्षीही मी त्यात कशीबशी पास झाले होते, आणि ते गुणपत्रिकेवर छापलेलं होतं. शेवटी लिहिलं: «त्याच सत्रात माझं गणितही गेलं. त्याचं कारण आजारपण नव्हतं. त्या विषयाला मी आधीपासून घाबरत होते आणि मदत मागायला उशीर केला.»

भाऊ म्हणाला, "ताई, तू स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतेयस." मलाही तसंच वाटत होतं. पण मॅडमचं म्हणणं वेगळं होतं. ज्या उमेदवाराच्या निबंधात प्रत्येक अपयश परिस्थितीमुळे आणि प्रत्येक यश जिद्दीमुळे असतं, त्याच्या परिस्थितीवर विश्वास ठेवायला वाचणाऱ्याकडे काही आधारच राहत नाही. एक गोष्ट तू स्वतःकडे घेतलीस की दुसरी, जी खरंच तुझ्या हातात नव्हती, तिला वजन येतं. एवढं मात्र सांगितलं, की हे दोन वाक्यांत संपव. कबुलीजबाबाचंही नाटक होऊ शकतं.

असंच दुसरं एक वाक्य होतं. एप्रिल 2023 पासून बाबा एकटेच जातात. सुरुवातीला उठताना चक्कर यायची, ज्या हातात रक्तवाहिनी जोडून घेतली आहे त्या हाताने जड पिशवी उचलायची नाही, म्हणून सोबत लागायची. मग शरीराला सवय झाली. जुन्या निबंधात मी हे गाळलं होतं, कारण मग अडचण लहान दिसेल. ती लहान झालीच होती! नऊ महिन्यांची होती ती, अडीच वर्षांची नव्हती. नव्या निबंधात मी ते सरळ लिहिलं आणि माझी मलाच गंमत वाटली: नऊ महिने म्हटल्यावर ते नऊ महिने मोठे वाटायला लागले.

यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. 27 ऑक्टोबरचा मसुदा, बहुधा पाचवा, म्हणजे आकड्यांचं गोदाम होतं. वजनं, रक्तदाब, बसच्या वेळा, हजेरीची टक्केवारी, आईच्या पगाराचा कितवा हिस्सा कशात जातो त्याची फोड. 500 शब्दांत 41 आकडे. मला वाटलं, घ्या आता, तपासा काय तपासायचं ते. मॅडमनी दोन मिनिटांत कागद परत दिला. "हा हिशेबतपासनीसाला दे. यात माणूस सापडत नाहीये." आणि अजून एक गोष्ट म्हणाल्या जी मला पटली: इतकी बारीक माहिती कुणालाच आठवत नसते, त्यामुळे ती वहीतली आहे हे ठाऊक नसलेल्याला ती रचलेली वाटते.

मग गाळणं सुरू झालं. मी चाळणी अशी लावली, की ज्या आकड्यामुळे पुढे काहीतरी घडलं तोच ठेवायचा. 16 पैकी 9 राहिला, कारण त्यामुळे परीक्षा गेली. 12 राहिला. सातची पाळी आणि दहाचं प्रात्यक्षिक राहिलं, कारण ती टक्कर त्याच दोन वेळांची होती. 64.2 आणि 61.9 गेले. ते जाताना खरंच वाईट वाटलं, मला ते आकडे फार आवडले होते. पण वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नव्हतं, फक्त माझी वही दिसत होती. पैशांची सगळी फोडही गेली. अर्जात 150 शब्दांची एक वेगळी पेटी असते, «विशेष आर्थिक परिस्थिती» अशा काहीशा नावाची. पहिल्या वर्षी मी तिथे «कृपया निबंध पाहावा» लिहून मोकळी झाले होते. या वेळी बाबांचं काम पूर्णवेळचं अर्धवेळ कधी झालं, मिळकत किती हिश्श्याने घटली, कुठला खर्च नव्याने सुरू झाला हे सगळं कोरडेपणाने तिथे टाकलं. त्याने निबंधातली जवळजवळ शंभर शब्दांची जागा सुटली. तुमच्या अर्जात अशी पेटी असेल तर ती रिकामी सोडू नका.

सुटलेल्या जागेत मी तो एकच प्रसंग घेतला, 15 सप्टेंबरचा. पाच वाक्यं. यंत्राचा गजर वाजला, नर्सने खुर्ची मागे कलती करून बाबांचे पाय वर घेतले, सलाइन सोडलं. मी वहीत 90/60 लिहिलं, कारण हातांना दुसरं काही काम नव्हतं. डोळे उघडल्यावर बाबांनी विचारलं, «वाजले किती? तुझं प्रात्यक्षिक आहे ना आज?» साडेदहा वाजले होते. मी म्हटलं, आज रद्द झालंय.

ते रद्द झालेलं नव्हतं. आणि हे बाबांना दोन वर्षांनी, निबंध वाचतानाच कळलं. त्यावर ते काही बोलले नाहीत. मसुदा परत देताना त्यांनी दुसऱ्याच एका वाक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे नको." मी म्हटलं, बाबा, ते सगळ्यात चांगलं वाक्य आहे. ते म्हणाले, "असू दे. ते माझं आहे." काढलं. काय होतं ते इथेही लिहीत नाही. निबंध तुमचा असला तरी आजार दुसऱ्याचा असतो. त्या माणसाला आधी वाचायला द्या, आणि वेळ हाताशी असताना द्या, म्हणजे नाही म्हणायची त्यालाही सोय राहते.

शेवटच्या परिच्छेदाने सगळ्यात जास्त दिवस खाल्ले. जुना शेवट होता, «ही शिष्यवृत्ती मिळाल्यास मी जिद्दीने शिकून समाजाचे ऋण फेडीन.» तो गेला तरी त्याच्या जागी काय घालावं ते सुचेना. जे सुचायचं ते त्याचंच भावंड असायचं. तीन आठवडे असेच गेले, मधे सत्राच्या परीक्षाही होत्या. मग एकदा शिकवणीहून परत येताना लक्षात आलं, की पैसे मिळाले तर माझ्या आठवड्यात नेमकं काय बदलेल हे मी कुठेच सांगितलेलं नाही. ते लिहायला दहा मिनिटं लागली: «मी आठवड्याला 14 तास शिकवण्या घेते. फीचा भार उतरला तर त्या 6 तासांवर आणता येतील. उरलेले 8 तास प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत जातील, जी दुपारी चारनंतरच मोकळी असते आणि सध्या त्याच वेळी मी शिकवत असते.» बस्स. ऋण वगैरे फेडायचं नंतर बघू.

शिफारसपत्राचंही सांगायला हवं. पहिल्या वर्षी सरांनी «अत्यंत हलाखीच्या परिस्थितीत» असं लिहिलं होतं. दोष त्यांचा नव्हता, मी त्यांना माझाच निबंध नेऊन दिला होता आणि त्यांनी त्यातलीच भाषा उचलली. या वेळी निबंध दिला नाही. फक्त विचारलं, की तुम्ही जे स्वतः पाहिलंत तेवढंच लिहाल का? त्यांनी लिहिलं की पुढच्या सत्रात ही मुलगी शुक्रवारी चारनंतर येऊन राहिलेली प्रात्यक्षिकं करत असे आणि त्यासाठी ते प्रयोगशाळा उघडी ठेवत. मी ते निबंधात लिहिलंच नव्हतं. मला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

30 नोव्हेंबरला अकरावा मसुदा पक्का केला. मुदत 15 डिसेंबरची होती, अर्ज 11 तारखेला भरायला बसले, आणि बरं झालं आधी बसले. निबंधाची मर्यादा सांगितली होती 500 शब्द, पण भरायच्या पेटीची मर्यादा होती 3000 कॅरेक्टर. माझे शब्द 487 होते, तरी शेवटची दोन वाक्यं कापली गेली. आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळं संगणक स्वतंत्र कॅरेक्टर म्हणून मोजतो, त्यामुळे दिसणाऱ्या अक्षरांपेक्षा आकडा बराच मोठा येतो. मोकळ्या जागाही त्यातच धरतात. रात्री अकरा वाजता मला दोन वाक्यं बारीक करावी लागली. पेटीत चिकटवून झाल्यावर शेवटची ओळ दिसते आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. पेटी तुम्हाला काही सांगत नाही.

मग वाट पाहणं. 20 जानेवारी 2025 ला मुलाखतीचं पत्र आलं, मुलाखत 8 फेब्रुवारीला. तीन जण होते. पहिली दहा मिनिटं प्रकल्पाबद्दल गेली. मग एका बाईंनी माझा निबंध पुढे ओढला. त्यांनी त्यावर पेनने काहीतरी लिहिलेलं दिसत होतं.

"मंगळवार, गुरुवार, शनिवार तुम्ही डायलिसिसला. गणित सोमवार-बुधवार-शुक्रवार. मग बुधवारी काय करत होतात?"

गेल्या वर्षीचा निबंध असता तर इथे माझी बोबडी वळली असती. मी म्हटलं, "बरेचदा झोपलेली असायचे. आणि जागी असले तरी गणिताच्या तासाला जायचं टाळायचे."

मधले गृहस्थ हसले. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं आणि विचारलं, ते गणित मग सोडवलं कसं. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. बाबांच्या आजाराबद्दल पुढे कुणी एकही प्रश्न विचारला नाही.

14 मार्चला निकाल आला. फीचा भाग मंजूर झाला, निर्वाह खर्चाचा नाही. सोबत अट होती, की निबंधात उल्लेख केलेल्या परिस्थितीचा पुरावा 14 दिवसांत पाठवावा: डायलिसिस केंद्राचं वार आणि कालावधी नमूद केलेलं पत्र, आणि त्या सत्राची हजेरी. हजेरी माझ्याकडे ऑक्टोबरपासून होती. पत्रासाठी मी 17 तारखेला केंद्रात अर्ज दिला. तिथल्या कारकुनाने विचारलं, पत्रात काय काय हवंय? मी निबंधातलं ते वाक्य वाचून दाखवलं. जुलै 2022 पासून, मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सातची पाळी. त्यांनी नोंदवही काढून पडताळलं आणि तसंच्या तसं लिहून दिलं. पण सही करणारे डॉक्टर रजेवर होते, त्यामुळे पत्र हातात पडायला नऊ दिवस लागले. 26 मार्चला ते स्कॅन करून पाठवलं, मुदतीला दोन दिवस राहिले असताना. असं पत्र निकालाची वाट न पाहता अर्ज भरतानाच मागून ठेवा.